सही केलेला कोरा चेक आणि आमचा जुना मेल

टेम्पोवाल्याने गेटवर दिलेलं पाकीट उघडलं तर आत एक चेक निघाला. खाली सही, सहीवर गोल शिक्का, आणि बाकी सगळं कोरं. तारीख नाही, नाव नाही, रक्कम नाही. बिडकीनहून वाळूजपर्यंत तो चेक टेम्पोच्या डॅशबोर्डवर पडून आला होता. वाटेत कुणीही त्यावर स्वतःचं नाव आणि आकडा टाकून बँकेत गेला असता तर चेक वटला असता, कारण सही खरी होती.

मी वाळूज एमआयडीसीत पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. माल पाठवायला लाकडी पॅलेट लागतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या पार्टीकडून पुरवठा कमी पडू लागला, म्हणून बिडकीनकडच्या एका वखारवाल्या काकांकडून पॅलेट घ्यायचं ठरलं. पार्टी नवीन असली की सिस्टिममध्ये तिचं खातं उघडावं लागतं, आणि त्यासाठी कागद मागवावे लागतात. ते मागायचा मेल आमच्याकडे कित्येक वर्षं तोच आहे. वरचं नाव बदलायचं आणि पाठवून द्यायचा. काकांनाही मीच पाठवला होता. त्यातली मुख्य ओळ अशी होती:

“आपला बँक पुरावा, कर नोंदणीचा तपशील, रद्द केलेला चेक तसेच विक्रेता नोंदणी अर्ज स्वाक्षरी व शिक्क्यासह तात्काळ सादर करावा, अन्यथा देयक अदा केले जाणार नाही.”

मी काकांना फोन लावला.

“काका, चेक मिळाला. पण त्यावर सही कशाला केली?”

“आता ताई, तुम्हीच लिहिलंय ना सही-शिक्क्यासह म्हणून. पोरानं वाचून दाखवलं मला.”

“आणि रद्द केलेला चेक म्हणलं होतं ते?”

“ते काही कळलं नाही बघा. मला वाटलं रद्द तुमच्याकडं करत असतील.”

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सही-शिक्का आम्हाला अर्जावर हवा होता. पण ओळीत चार गोष्टी एकामागून एक आणि शेवटी ‘स्वाक्षरी व शिक्क्यासह’, म्हटल्यावर वाचणारा माणूस चारही गोष्टींवर सही करणारच. त्यातही चेक म्हणजे सही करायचीच वस्तू. फोन चालू असतानाच मी त्यांना विचारून चेकवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन रेघा ओढल्या, मध्ये ‘रद्द’ लिहिलं, सहीवर काट मारली, फोटो काढून त्यांच्या मोबाइलवर पाठवला आणि मूळ चेक पाकिटात घालून त्याच टेम्पोवाल्याकडे परत दिला. ते सगळं पाच मिनिटांत झालं. मेलवर मात्र पुढचे आठ-दहा दिवस गेले.

सुरुवात मी जुन्या फोल्डरपासून केली. आधीच्या बारा नव्या पार्ट्यांची पत्रं काढली आणि कागद पुरे व्हायला किती फेऱ्या झाल्या ते एका वहीत मांडलं. पहिल्याच झटक्यात सगळं बरोबर आलेल्या पार्ट्या फक्त तीन होत्या. बाकी नऊ जणांना मी दोनदा, तीनदा फोन केले होते, आणि दर वेळी मला वाटलं होतं की हे लोक नीट वाचत नाहीत. नऊ जणांच्या चुका शेजारी शेजारी ठेवल्यावर चित्र वेगळं दिसलं. चुका ठरावीक चार-पाच प्रकारच्याच होत्या, आणि प्रत्येकीचं मूळ आमच्या ओळीतल्या एखाद्या शब्दात सापडत होतं.

‘रद्द केलेला चेक’ हा त्यातला सगळ्यात मोठा खड्डा. जालन्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्या दादांनी तर रागाने उत्तर पाठवलं होतं की आजवर माझा एकही चेक परत गेलेला नाही, रद्द चेक आणू कुठून. त्यांनी ‘रद्द’ म्हणजे बाउन्स झालेला असा अर्थ घेतला होता. दुसऱ्या एकाने चेकच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन छोट्या तिरप्या रेघा मारून पाठवल्या होत्या. ते कॅन्सल करणं नव्हे, क्रॉस करणं झालं. क्रॉस केलेला चेक काउंटरवर रोखीने वटत नाही, पण खात्यात भरला की वटतो. म्हणजे सही असली तर तो चेक जिवंतच आहे. तिसऱ्याने कॅन्सल अगदी नीट केला होता, फक्त जाड मार्करने, आणि खाते क्रमांकाचे मधले तीन आकडे त्या रेघेखाली गेले होते. जे वाचायला चेक मागवला तेच झाकलं गेलं.

मग मी ‘बँक पुरावा’ या शब्दाकडे आले. इथे मात्र मलाच नीट उत्तर देता येईना. चेक मागितलाय, मग वेगळा बँक पुरावा कशाला? नऊपैकी चार जणांनी चेकचाच फोटो दोनदा जोडला होता, आणि त्यांची समजूत बरोबरच वाटत होती. मी म्हटलं, एकच कागद मागू. आमच्या सीए सरांनी थांबवलं. ते म्हणाले, “चेकवर खाते क्रमांक छापलेला असतो, पण ते खातं आज चालू आहे हे चेक सांगत नाही. खातं बंद करून चार वर्षं झाली तरी घरात चेकबुक पडलेलं असतं.” दुसरी बाजूही होती. काही छोट्या सहकारी बँकांच्या चेकवर खातेदाराचं नाव छापलेलंच नसतं, तिथे नाव दाखवायला दुसरा कागद लागतोच. म्हणजे दोन कागदांची कामं दोन आहेत. चेक आकडे दाखवतो, बँकेचा कागद नाव आणि आजची स्थिती दाखवतो. हे आम्हालाच स्पष्ट नव्हतं, तर बिडकीनच्या काकांना कुठून कळणार होतं?

नावाला एवढं का जपायचं, तेही थोडं सांगते. एनईएफटी किंवा आरटीजीएसने पैसे पाठवले की ते खाते क्रमांकावर जमा होतात. समोरची बँक नाव जुळवून बघेलच असं नाही. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं दुसरं कुणाचं खातं असलं, तर पैसे त्याच्याकडे जातात आणि परत मिळवायला त्याच्या मिनत्या कराव्या लागतात. हाताने लिहून दिलेल्या क्रमांकात शून्य आणि सहाची गफलत मी स्वतः पाहिली आहे. म्हणून छापलेला कागद, आणि म्हणून तिन्ही कागदांवरचं नाव एकमेकांशी ताडून बघायचं.

इथे ‘कर नोंदणीचा तपशील’ कामाला येतो, पण जुन्या मेलमध्ये तो इतका मोघम होता की कुणी नुसता नंबर पाठवायचं, कुणी आयकर रिटर्नची पावती, तर कुणी ग्रामपंचायतीची घरपट्टी भरल्याची पावती. घरपट्टीही करच की! आम्हाला हवं होतं जीएसटीचं नोंदणी प्रमाणपत्र, ज्याच्यावर GST REG-06 असं छापलेलं असतं. त्याच्या पहिल्या पानावर मालकाचं कायदेशीर नाव आणि दुकानाचं व्यापारी नाव अशी दोन्ही असतात. एकट्या मालकाच्या धंद्यात गोंधळ नेमका इथेच होतो. बिल दुकानाच्या नावाने येतं आणि बँक खातं माणसाच्या नावाने असतं, किंवा उलट. हे एक पान समोर असलं की दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे कळतं. शिवाय जीएसटी नंबरच्या पंधरा अक्षरांत पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा पॅन. त्यामुळे जीएसटी असलेल्या पार्टीकडे पॅन कार्ड वेगळं मागायची मला गरज वाटली नाही. एक कागद तेवढाच कमी. नंबर चालू आहे की रद्द झालाय हे जीएसटीच्या पोर्टलवर मी स्वतःच बघते, त्यासाठी पार्टीला त्रास द्यायचं कारण नाही.

जीएसटी नसलेल्यांकडे मात्र पॅन लागतोच. काका पॅलेट विकतात तसे आमचे मोडके पॅलेट दुरुस्तही करून देतात, आणि त्या मजुरीच्या बिलावर टीडीएस कापावा लागतो. समजा मजुरीचं बिल ४८,००० रुपयांचं आहे. पॅन असलेल्या एकट्या मालकाचा १ टक्का, म्हणजे ४८० रुपये कापले जातात. पॅनच दिला नाही तर २० टक्के, म्हणजे ९,६०० रुपये. हा फरक फोनवर सांगितला की कुणीही पॅन द्यायला आढेवेढे घेत नाही. नुसतं ‘कर नोंदणी’ लिहिलं की मात्र माणूस बिचकतो.

एवढं समजून घेतल्यावर नवा मेल लिहायला बसले. पहिला मसुदा मी आमच्या खरेदीच्या साहेबांना दाखवला. त्यांना तो आवडला नाही. म्हणाले, कंपनीचा मेल वाटत नाही, शेजाऱ्याला चिठ्ठी लिहिल्यासारखं वाटतंय. ‘विहित नमुन्यात’, ‘तात्काळ’, ‘अन्यथा’ हे शब्द राहिले पाहिजेत असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना वहीतलं पान दाखवलं, बारापैकी तीन. ‘अन्यथा’चं म्हणाल तर ज्या माणसाचा माल आपण आधीच उतरवून घेतलाय त्याला पैसे देणार नाही असं लिहिणं मला पटत नव्हतं. त्याऐवजी कागद कधी आले तर पैसे कधी मिळतील ते लिहू म्हटलं. आमच्या पेमेंटच्या याद्या महिन्याच्या १० आणि २५ तारखेला निघतात, हे आजवर कुठल्याच पार्टीला आम्ही सांगितलं नव्हतं. साहेबांनी थोडा विचार केला आणि तारखांच्या ओळीला हो म्हणाले. बाकीच्या शब्दांवर आमचं दोन दिवस चाललं.

एक बदल सीए सरांच्या आग्रहामुळे झाला आणि तो मला आता सगळ्यात मोलाचा वाटतो. ते म्हणाले, “तुझा मेल आणि फसवणाऱ्याचा मेल समोरासमोर ठेव. दोघंही बँकेची माहिती मागतायत, दोघंही घाई करतायत. पार्टीने फरक कशावरून ओळखायचा?” मग मी त्यात पीओचा, म्हणजे आमच्या खरेदी ऑर्डरचा नंबर घातला, कारण तो आम्हाला आणि पार्टीलाच ठाऊक असतो. खात्री करायला फोन नंबर दिला नाही, उलट ‘पीओवर छापलेल्या नंबरवर फोन करा’ असं लिहिलं. मेलमध्येच नंबर दिला असता तर खोट्या मेलमध्येही खोटा नंबर देता येतो.

चार वेळा खाडाखोड होऊन मेल असा झाला. विषयाच्या ओळीत: ‘पॅलेट ऑर्डर, पीओ क्रमांक अमुक: पैसे खात्यावर पाठवण्यासाठी ३ कागद हवेत’. आणि मजकूर:

“नमस्कार,

वरील ऑर्डरचे पैसे थेट तुमच्या बँक खात्यावर जमा करायचे आहेत. त्यासाठी कृपया खालचे ३ कागद पाठवा. मोबाइलने काढलेला स्पष्ट फोटो चालेल.

पहिला, कॅन्सल चेक. एका कोऱ्या चेकवर डावीकडून उजवीकडे दोन लांब तिरप्या रेघा मारा आणि त्यांच्यामध्ये मोठ्या अक्षरात ‘कॅन्सल’ लिहा. चेकवर सही करू नका. खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि छापलेलं नाव रेघेखाली जाऊ देऊ नका. मूळ चेक तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला फक्त फोटो पाठवा.

दुसरा, खातं चालू असल्याचा बँकेचा कागद. गेल्या तीन महिन्यांतल्या स्टेटमेंटचं पहिलं पान, किंवा पासबुकाचं पहिलं पान आणि शेवटची नोंद असलेलं पान. त्यातले व्यवहार झाकले तरी चालतील. तुमचं नाव, खाते क्रमांक, शाखा आणि शेवटची तारीख दिसली पाहिजे.

तिसरा, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्राचं पहिलं पान. जीएसटी नोंदणी नसेल तर पॅन कार्डाचा फोटो आणि ‘माझी जीएसटी नोंदणी नाही’ असं सही केलेलं साधं पत्र.

बँक खातं जीएसटीवरील मालकाच्या किंवा दुकानाच्या नावाचं असावं. नाव वेगळं असेल तर कागद पाठवण्याआधी आम्हाला फोन करा. नोंदणीचा अर्ज आम्हीच भरून तुमच्या सहीसाठी पाठवू.

आम्ही ओटीपी, पिन, पासवर्ड किंवा सही केलेला चेक कधीही मागत नाही. हा मेल आमचाच आहे याची खात्री करायची असेल तर पीओवर छापलेल्या ऑफिसच्या नंबरवर फोन करा. पुढे तुमचं खातं बदललं तर आम्ही फक्त मेलवरून बदल करणार नाही, तुमच्या आमच्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून विचारू.

कागद २० तारखेपर्यंत आले तर तुमचं बिल २५ तारखेच्या यादीत घेऊ. नंतर आले तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेला.”

मेल जुन्यापेक्षा चौपट लांब झाला, आणि साहेबांची शेवटची तक्रार तीच होती. पण छोट्या ओळीमागे तीन फोन येत असतील तर ती ओळ छोटी कसली?

व्यवहार झाकायची मुभा घालायला मी स्वतः भांडले. स्टेटमेंट पाठवायला लोक टाळाटाळ का करतात हे मला एका भंगार घेणाऱ्या दादांनी सांगितलं होतं. स्टेटमेंटवर कुणाकडून माल उचलला आणि किती पैसे दिले हे सगळं दिसतं, आणि ते त्यांना आमच्या खरेदी खात्याच्या टेबलावर नको असतं. ते अगदी रास्त आहे. आम्हाला त्यातलं काही लागतही नाही.

नवा मेल सगळ्यात आधी काकांनाच पाठवला आणि फोन केला की पोराकडून वाचून घ्या, जिथे अडेल तिथे सांगा. चेक या वेळी अचूक आला, सहीची जागा कोरी. जीएसटीचं पानही आलं. अडलं ते पासबुकात. काकांनी पाठवलं ते पासबुक स्टेट बँक ऑफ हैदराबादचं होतं. निजामाच्या काळात १९४१ साली निघालेली ही बँक मराठवाड्यात गावोगाव होती, आणि ती १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. आमच्याकडचे जुने लोक आजही तिला हैदराबाद बँकच म्हणतात. काकांच्या पासबुकावर आयएफएससी कोड SBHY या अक्षरांनी सुरू होत होता. चेक नवा असल्याने त्यावर SBIN होतं. खाते क्रमांक दोन्हीकडे एकच, नावही एकच. खातं खरं आणि चालू होतं, पण मी पासबुकावरचा कोड सिस्टिममध्ये टाकला असता तर पैसे गेलेच नसते.

म्हणून दुसऱ्या कागदाच्या शेवटी मी एक ओळ वाढवली: ‘तुमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट पाठवा.’ ही फक्त हैदराबाद बँकेची गोष्ट नाही. देना बँक, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन यांची जुनी पासबुकं अजून लोकांच्या कपाटात आहेत. काका दुसऱ्या दिवशी शाखेत गेले आणि नवं पासबुक भरून घेऊन आले.

त्यानंतर सात नव्या पार्ट्यांना हा मेल गेला. पाच जणांचे कागद पहिल्याच वेळी पुरे आले. एकाने चेकचा फोटो अंधारात काढला होता, तो परत मागावा लागला. सातव्या होत्या कॅन्टीनला पापड-लोणचं देणाऱ्या बचत गटाच्या ताई, आणि तिथे माझा मेल पुरा पडला नाही. गटाचं खातं गटाच्या नावाने, बिल ताईंच्या नावाने, आणि मेल वाचायला त्यांच्याकडे ईमेलच नाही. मेल मोठ्या अक्षरात छापून टेम्पोवाल्याबरोबर पाठवला. बिल इथून पुढे गटाच्या नावाने काढायचं ठरलं, पण गटाच्या पॅनचं काम अजून चालू आहे.

ऑफिसच्या नंबरवर खात्री करायला आजवर दोन फोन आले. दोन्ही वेळा मी पीओ नंबर आणि मालाची नगसंख्या सांगितली आणि समोरच्याने लगेच कागद पाठवले. पहिला फोन आला तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीला काय उत्तर द्यायचं ते ठाऊक नव्हतं. आता तिच्या टेबलावर मेलची प्रत चिकटवली आहे.

काकांचं खातं सिस्टिममध्ये उघडल्यावर, ठरल्याप्रमाणे, आधी १ रुपया पाठवला. बँकेच्या पोर्टलवर त्यांचं नाव आलं, चेकवर होतं अगदी तसं. दहा मिनिटांत त्यांचा फोन.

“ताई, एक रुपया आला बघा. बाकीचे?”

बाकीचे २५ तारखेच्या यादीत गेले.